ड्रायव्हर पाहिजे, पगार कामाप्रमाणे

‘ड्रायव्हर पाहिजे. कोथरूड. वेळ सकाळी ८ ते रात्री ८. आठवड्याला एक सुट्टी, रविवार सोडून. पगार कामाप्रमाणे. ट्रायल १५ दिवस. गाडी ऑटोमॅटिक. निर्व्यसनी, प्रामाणिक, अनुभवी, वेळ पाळणारा आणि घरच्यासारखा वागणारा असावा. गरजूंनीच संपर्क साधावा.’

हा मजकूर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा. सोसायटीत कोणाचंही काही चार ओळींपेक्षा जास्त झालं की ते शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येतं. पाण्याची टाकी धुण्याची सूचना, गणपतीची वर्गणी, मांजरांना खायला घालणाऱ्यांविषयीचा निषेध, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. पण काकांच्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, मसुदा पक्का. तरीही दोन आठवड्यांत त्यांना एक ड्रायव्हर मिळाला नव्हता. बारा-पंधरा फोन आले, तिघं येऊन गाडी बघून गेले, एक जण तर पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाला गेला तो परत आलाच नाही. काकांना वाटत होतं, कुठेतरी स्वल्पविराम चुकला असावा.

काकांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांनी हयातीतली बरीच वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली. त्या गाडीने त्यांना घाटात, चढावर, भर पावसात जे जे शिकवलं ते सगळं त्यांना अजून तोंडपाठ आहे, आणि ते ऐकवायला त्यांना गाडीत बसावंही लागत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाने गोड बोलून किल्ली काढून घेतली. सून कल्याणीनगरला नोकरीला, नातवाचा तबल्याचा क्लास डेक्कनला, काकूंच्या गुडघ्याची फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा. घरात गाडी आहे, चालवणारा मुलगा मात्र सकाळी साडेसातला कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो. तेव्हा ड्रायव्हर ही चैन नव्हती, हे मी काकांच्या बाजूने आधीच नोंदवून ठेवतो.

‘घरच्यासारखा वागणारा’ हे मी पहिल्यांदा खोडलं. काकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, “काका, तुमच्या घरात वेळेवर कोण निघतं?” त्यांनी थोडा विचार केला. “आणि गाडी कशी चालवावी हे तुम्ही सांगता तेव्हा घरातलं कोण ऐकतं?” मग त्यांनी स्वतःच पेन घेऊन त्या शब्दांवर आणखी एक रेघ मारली.

‘निर्व्यसनी’ आम्ही ठेवलं, पण त्याचा अर्थ ठरवायला अर्धा तास गेला. दारू नको, यावर एकमत. तंबाखूवर काकू अडून बसल्या, कारण दार उघडून पिचकारी टाकणारा माणूस सिग्नलला लक्ष कुठे ठेवणार? चहा व्यसनात धरायचा की नाही, यावर काकांनी सोयीस्कर मौन पाळलं.

खरी मेख मात्र ‘८ ते ८’ मध्ये होती. काकांच्या डोक्यात ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा माणूस. म्हणून मी त्यांना एका दिवसाचा हिशेब मांडायला सांगितला. बँकेच्या माणसाला हिशेब म्हटलं की राग येत नाही. सकाळी आठला ड्रायव्हर येणार, गाडीवर फडकं मारणार. गाडी धुणारा मुलगा वेगळा आहे, तो पहाटेच बादली घेऊन येऊन जातो. पावणेनऊला सूनबाई निघणार. कर्वे रस्ता, डेक्कन, संगम पूल, बंडगार्डन करत कल्याणीनगर, सकाळच्या गर्दीत एक तास. रिकामी गाडी परत आणायला पन्नास मिनिटं. अकराला काकूंची फिजिओथेरपी, जाऊन-येऊन चाळीस मिनिटं आणि मधे पाऊण तास थांबणं. मग दुपारी एक ते चार काही नाही. चारला नातवाला तबल्याला सोडायचं, तो सुटेपर्यंत थांबून घरी आणायचं, चाकावर पुन्हा चाळीस मिनिटं. साडेपाचला कल्याणीनगरकडे निघायचं आणि सूनबाईंना घेऊन यायचं. संध्याकाळ असल्यामुळे दोन तास दहा मिनिटं. बेरीज काकांनीच केली. पाच तास वीस मिनिटं गाडी चालणार होती. उरलेले सहा तास चाळीस मिनिटं तो माणूस नुसता असणार होता.

घरगुती ड्रायव्हरच्या नोकरीतली ही मुख्य गोष्ट मजकुरात कधीच येत नाही. आपण पगार देतो तो निम्म्याहून जास्त थांबण्याचा असतो. त्यामुळे चांगला, अनुभवी ड्रायव्हर फोनवर गाडीविषयी फार विचारत नाही. गाडी त्याला येते. तो थांबण्याविषयी विचारतो, फक्त आडून. ‘साहेब, पार्किंग खाली आहे का उघड्यावर?’ म्हणजे उन्हात बसायचं की सावलीत. ‘बेसमेंटला रेंज येते का?’ म्हणजे दुपारी एक ते चार मी काय करायचं, आणि तुमचा फोन लागला नाही तर शिव्या कोणाला. ‘गाडीत बसलेलं चालतं का?’ म्हणजे सीट मागे करून पाठ टेकली तर वरच्या गॅलरीतून कोणी बघत असतं का. एकाने काकांना विचारलं होतं, “वॉचमनचं टॉयलेट उघडं असतं का?” काकांना तो प्रश्न आगाऊपणाचा वाटला होता. आमच्या सोसायटीत तो संडास तळमजल्यावर आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली दिवसपाळीच्या वॉचमनकडे असते. तो जेवायला गेला की तीही जेवायला जाते. बारा तास थांबणाऱ्या माणसाने याहून महत्त्वाचा प्रश्न कोणता विचारायचा होता, ते मला तरी सुचलं नाही.

काकूंनी मधला मार्ग सुचवला. सकाळी आठ ते साडेबारा आणि संध्याकाळी चार ते साडेसात, मधे त्याला सुट्टी. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण दुपारी सुटलेला ड्रायव्हर जाणार कुठे? तो वारजे-उत्तमनगरला राहत असेल तर दुचाकीवरून घरी जाऊन, जेवून, पाठ टेकून परत येऊ शकतो. धायरी-नऱ्ह्याला राहत असेल तर सिंहगड रस्त्याची गर्दी दिवसातून चारदा खायची, पेट्रोल आपल्या खिशातलं, आणि घरी पोचेपर्यंत निघायची वेळ. त्यापेक्षा तो इथेच कुठेतरी झाडाखाली दुचाकीवर आडवा होईल. आपण मात्र ते तास पगारातून वजा केल्याच्या समाधानात असू. म्हणून ड्रायव्हरला अनुभव किती हे विचारायच्या आधी तो राहतो कुठे आणि येतो कशाने, हे विचारावं. दहा वर्षं गाडी चालवलेला पण पंधरा किलोमीटरवरून येणारा माणूस पावसाळ्यात टिकत नाही. पाच किलोमीटरवरचा, थोडा कमी मुरलेला, टिकतो.

शेवटी वेळ आठ ते सात ठरली. संध्याकाळी सूनबाईंनी अर्धा तास लवकर निघावं, असा ठराव त्यांच्या अनुपस्थितीत संमत झाला. (त्यांनी तो नंतर मान्यही केला, पण ‘मला विचारलं असतं तर बरं झालं असतं’ हे वाक्य त्या घरात अजून अधूनमधून ऐकू येतं.)

आता ‘पगार कामाप्रमाणे’. मला वाटतं, असं लिहिणाऱ्याला आपण फार मुत्सद्दी आहोत असं वाटत असावं. समोरच्याने आधी आकडा सांगावा, तो कमी निघाला तर आपला फायदा. प्रत्यक्षात काकांचे फोन सगळे एकाच वळणाने गेले होते. तिकडून “पगार काय देता?” इकडून “तुमची अपेक्षा काय?” तिकडून “तुम्ही बोला ना साहेब.” इकडून “तुम्ही आधी कुठे किती घेत होता?” यानंतर दोन्हीकडे शांतता, आणि मग तिकडून “बरं, कळवतो.” ज्याच्या हातात आधीच नोकरी आहे, म्हणजे ज्याला कोणीतरी ठेवून घेतलं आहे, तो आकडा नसलेल्या मजकुराला फोन करत नाही. फोन करतात ते ज्यांना आज काहीच नाही. ‘गरजूंनीच संपर्क साधावा’ ही ओळ काकांच्या मजकुरात नसती तरी तिचं काम झालंच असतं.

काकांच्या मनात आकडा होता वीस हजार. आमच्या भागात सोसायटीतल्या ड्रायव्हरांना असाच अठरापासून पंचवीसपर्यंत पगार आहे, त्यामुळे तो आकडा वावगा नव्हता. पण काकूंनी कॅल्क्युलेटर काढला. संसारात दूधवाल्याचा, इस्त्रीवाल्याचा, पोळ्यांच्या मावशींचा खाडा त्यांनीच मांडलेला. या विषयात काकांची बँक त्यांच्यापुढे शिकाऊ. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज बारा तास, म्हणजे ३१२ तास. वीस हजार भागिले ३१२, तासाला ६४ रुपये. आणि आठनंतर थांबावं लागलं तर जादा किती देणार? काका म्हणाले, “तासाला पन्नास.” काकूंनी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे सरकवला. दिवसभर दमलेल्या माणसाला रात्रीचा तास दिवसाच्या तासापेक्षा स्वस्तात मागायचा, हे काकांच्याही लक्षात आलं नव्हतं. वाईट हेतू अजिबात नव्हता. पन्नासची नोट सुट्टी असते, एवढंच त्या दरामागचं अर्थशास्त्र.

मग आठ ते सातसाठी बावीस हजार ठरले. अकरा तासांचे सव्वीस दिवस, २८६ तास, तासाला साधारण ७७ रुपये. सातनंतरचा जादा तास शंभर रुपये. इथपर्यंत गाडी सुरळीत आली आणि खाड्यापाशी अडली. ड्रायव्हर एक दिवस आला नाही तर किती कापायचे? काका म्हणाले, बावीस हजार भागिले सव्वीस, ८४६ रुपये. बरोबर. आणि सुट्टीच्या दिवशी त्याला बोलावलं तर किती द्यायचे? काका म्हणाले, महिन्याचे दिवस तीस, तेव्हा ७३३. ते एकाच श्वासात, एकाच प्रामाणिक चेहऱ्याने दोन्ही भागाकार करून मोकळे झाले होते. काकूंनी विचारलं, “तुमची बँक ठेवीवर आणि कर्जावर असंच करायची का?” यावर काका म्हणाले, “अर्थात.” मग एकच भाजक ठेवायचं ठरलं, कापतानाही सव्वीस आणि देतानाही सव्वीस. महिन्याअखेरीला होणारी निम्मी भांडणं या शंभरेक रुपयांच्या फरकावरूनच होतात, आणि ती कधी पैशांवरून झाली असं दिसत नाही. ‘माणूस बदलला’ असं दोन्ही बाजू म्हणतात.

सुट्टीचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. ‘आठवड्याला एक सुट्टी, रविवार सोडून’ असं काका लिहून बसले होते. कोणता वार ते ‘आदल्या दिवशी सांगू’. आता आदल्या दिवशी रात्री नऊला कळलेली सुट्टी कोणाच्या उपयोगाची? मुलांची शाळा ठरलेली, बायको धुण्याभांड्याला जात असेल तर तिचा दिवस ठरलेला. तो माणूस मंगळवारी एकटाच घरी बसणार. रविवारची सुट्टी आपल्याला आकाशातून पडल्यासारखी वाटते, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी बरीच वर्षं मागून १८९० मध्ये मिळवून दिली. रविवार खंडोबाचा वार, असंही त्यांनी मालकांना सांगितलं होतं म्हणतात. एरवी आठवड्यातून सहा दिवस गिरणीचा भोंगा ऐकणाऱ्याला एक दिवस जेजुरीचा मिळावा, यात न समजण्यासारखं काही नव्हतं, तरी मालकांना ते समजायला वेळ लागला.

घरगुती ड्रायव्हरच्या पाठीशी मात्र तेवढाही भोंगा नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली. पण तो भाड्याने वाहतूक करणाऱ्या धंद्यांसाठी होता. एका घराच्या एका गाडीचा एक ड्रायव्हर त्यात बसत नव्हता. आमच्या काकांच्या पहिल्या मजकुराप्रमाणे आठवड्याचे ७२ तास भरत होते. म्हणजे या माणसाचा कायदा काय, तर आपण लिहितो तो मजकूर. त्यामुळे तो लिहिताना थोडं थांबायला हरकत नाही.

रविवार का नको, तर रविवारी नातेवाइकांकडे जायचं असतं. मी विचारलं, रविवारी मुलगा घरी असतो ना? असतो. त्याला गाडी येते ना? येते. मग? यावर काकूच म्हणाल्या, “तो रविवारी उठतो बाराला.” म्हणजे चिरंजिवांच्या झोपेचा भार वारज्यातल्या एका कुटुंबाने उचलायचा होता. चिरंजिवांना बोलावण्यात आलं. त्यांनी डोळे चोळत रविवारची ड्युटी पत्करली. अगदीच लग्नकार्य असलं तर ड्रायव्हरला चार दिवस आधी विचारायचं, तो हो म्हणाला तर त्या दिवसाचे ८४६ रुपये द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात बदली सुट्टीही द्यायची. शिवाय गावच्या यात्रेचे चार दिवस भरपगारी. ड्रायव्हर सातारचा असो, बीडचा असो की सोलापूरचा, चैत्र-वैशाखात त्याच्या गावची यात्रा येतेच, आणि तेव्हा तो जातोच. सुट्टी दिली तर सांगून जातो, न दिली तर त्याची आजी आजारी पडते.

राहिली ट्रायल. पंधरा दिवस का, याला काकांकडे उत्तर नव्हतं. पंधरा हा आकडा भारदस्त वाटतो खरा. पण ट्रायलचे पैसे द्यायचे की नाही, हे मजकुरात नव्हतं, आणि बरेच ड्रायव्हर ‘पंधरा दिवस ट्रायल’ वाचून पुढे जातात ते याचमुळे. एकाला पंधरा दिवस फुकट फिरवायचं, ‘जमत नाही’ म्हणायचं, दुसऱ्याला बोलवायचं, असा महिना फुकटात काढणारी घरं त्यांना माहीत असतात. ती कोणत्या सोसायटीत आहेत हेही त्यांना माहीत असतं. ड्रायव्हरांची आपसातली माहिती आपल्या सोसायटीच्या कमिटीपेक्षा फार अद्ययावत असते. म्हणून ट्रायल सात दिवसांची, रोजचे ८४६ रुपये, ठेवला किंवा न ठेवला तरी शेवटच्या दिवशी हातात, असं लिहिलं. आणि ठेवल्यावर सोडायचं झालं तर दोन्ही बाजूंनी पंधरा दिवस आधी सांगायचं. काकांचे आवडते पंधरा दिवस असे वाया गेले नाहीत.

सात दिवसांत बघायचं काय? पहिल्या दिवशी गाडी सुरू करायच्या आधी कागद. परवाना हातात घेऊन बघायचा, फोटोची प्रत चालत नाही. मुदत आहे का, हलक्या मोटारीचा आहे का, आणि एम-परिवहनवर क्रमांक टाकला की तेच नाव येतं का. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मोटार वाहन कायद्यात मालकालाही शिक्षा आहे, आणि विमा कंपनीशी वाद वेगळा. दुसरा कागद आपला स्वतःचा. आपल्या विमा पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची जबाबदारी घेतलेली आहे का, हे बघणारी घरं मी फार पाहिली नाहीत. त्या एका ओळीचा वर्षाचा हप्ता किरकोळ असतो. काकांच्या पॉलिसीत ती ओळ नव्हती. आतापर्यंत ते स्वतःच चालवत होते, आणि त्यांच्या मते विम्याची गरजच इतरांमुळे पडत होती.

मग चालवणं. इथे काकांनी पद्मिनीच्या काळातली परीक्षा काढली होती: चढावर क्लच अर्धा दाबून गाडी धरतो का, गिअर टाकताना खरखर होते का. गाडी ऑटोमॅटिक, क्लचच नाही. ऑटोमॅटिकवर बघायचं ते डाव्या पायाकडे. आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेल्याचा डावा पाय रिकामा बसत नाही. घाईत तो क्लच समजून ब्रेकवर पडतो आणि मागच्या सीटवरची मान पुढे येते. ज्याला सवय आहे तो डावा पाय कडेला टेकवून ठेवतो आणि दोन्ही कामं उजव्याच पायाने करतो. हे बघायला पुढे वाकायचीही गरज नाही. काकूंना मागे बसवायचं आणि सिग्नलला त्यांच्या हातातल्या पर्सकडे बघायचं. पर्स मांडीवर राहिली तर माणूस चांगला.

दुसरी गोष्ट बेसमेंटचा उतार. आमच्या उतारावर वळण आहे, खांब आहे, आणि त्या खांबावर सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येक गाडीचा रंग थोडाथोडा आहे. तिथून मागे घेताना आरसे बघणारा आणि एकदा उतरून अंदाज घेणारा ड्रायव्हर काकांना कच्चा वाटत होता. मला तो पक्का वाटतो. जो एका हाताने स्टिअरिंग फिरवत, आरपार मागे घेतो, त्याची गाडी दुसऱ्याची असते, हे त्याच्या चालवण्यात दिसतं. तिसरी गोष्ट त्याच्याकडे नसून आपल्याकडे बघण्याची. सूनबाईंना उशीर झालेला असताना त्या ‘जाऊ दे, जाऊ दे, पिवळाच आहे’ म्हणतात तेव्हा तो थांबतो की जातो? आणि गेला तर ई-चलान कोणाचं? चलान गाडीच्या मालकाच्या नंबरवर येतं, तेही बऱ्याचदा उशिराने, तोवर कोणी कोणाला ‘जाऊ दे’ म्हटलं होतं ते कोणालाच आठवत नाही. ठरलं असं की सिग्नलचं चलान मागे कोणी बसलेलं असेल तर घराचं, गाडी रिकामी असेल तर ड्रायव्हरचं. ओरखडा आला तर पगारातून कापायचा नाही, फक्त त्याच दिवशी सांगायचं. लपवलेला ओरखडा महागात पडतो, कारण त्यानंतर प्रत्येक जुना ओरखडाही त्याच्याच नावावर जातो.

खरं सांगायचं तर गाडी कशी चालवतो ते तीन दिवसांत कळतं. उरलेले चार दिवस वेळेचे. पहिल्या दिवशी सगळेच पावणेआठला येतात. पाचव्या दिवशी पाऊस असताना तो किती वाजता येतो आणि उशीर होणार असेल तर आधी फोन करतो का, ही ट्रायल. त्याच्या बाजूनेही ती चाललेलीच असते. सात वाजता काका ‘जरा कोपऱ्यावरून औषधं घेऊन येऊ’ म्हणतात, ते औषधं, भाजी आणि मित्राचं घर असं वाढत जातं, आणि महिन्याअखेरीला तो पाऊण तास लिहिला जातो की विसरला जातो, हे तो बघत असतो. म्हणून काकूंनी पुढच्या कप्प्यात एक दोनशेपानी वही ठेवली. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, दोघांच्या सह्या.

नवा मजकूर असा झाला: ‘ड्रायव्हर पाहिजे. कोथरूड. वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७. रविवार सुट्टी. पगार २२,०००, सातनंतर तासाला १००. दिवाळीला एक पगार. ट्रायल ७ दिवस, रोजचे पैसे मिळतील. गाडी ऑटोमॅटिक. दारू-तंबाखू नको. वारजे, कर्वेनगर, उत्तमनगरकडचा असल्यास बरे. बसायला खाली खुर्ची-पंखा आहे, संडास उघडा असतो.’ शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या करायला काकांना कमिटीशी भांडावं लागलं. खुर्ची त्यांनी स्वतःच्या गॅलरीतली दिली. पंख्याच्या विजेवर दोन बैठका झाल्या.

चौथ्या दिवशी वारज्याहून एक जण आला. चाळिशीचा, कमी बोलणारा. परवाना न मागता पुढे केला. डावा पाय कडेला. उतारावर उतरून खांब बघून आला. ट्रायलच्या पाचव्या दिवशी पाऊस झाला आणि सात चाळीसला त्याचा फोन आला, “काका, वारज्याच्या पुलाखाली पाणी आहे, दहा मिनिटं लागतील.” काकूंची पर्स सात दिवस मांडीवरून हलली नाही. सातव्या दिवशी काकांनी पाकिटात मोजून पैसे दिले आणि म्हणाले, “आमच्याकडून पक्कं. तुमचं काय?”

तो म्हणाला, “पगार, सुट्टी सगळं बरोबर आहे काका. वेळेचंही काही म्हणणं नाही. फक्त एक.” आणि काकूंकडे वळून म्हणाला, “काकू, तुम्हीच सांगा. काका मागून ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणतात ना, त्यानं माझा पाय हलतो. ते बंद होईल का?”

काकूंनी ताबडतोब होकार दिला. काकांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग शहरापुरतं कबूल केलं, चांदणी चौकापर्यंत. पुढे उतार लागला तर आपण काही सांगू शकत नाही, म्हणाले. त्यावर ड्रायव्हरने घाटातल्या प्रत्येक फेरीचे दोनशे रुपये जादा मागितले. काकूंनी दीडशेवर तोडलं आणि ते वहीत पहिल्या पानावर लिहिलं, काकांची सही घेऊन.